मोठ्या कागदातून फक्त खर्च कसा वेगळा काढावा?

वाढवण बंदराचा विषय निघाला की बोईसर, तारापूर, पालघर या आपल्या पट्ट्यात प्रत्येकाच्या तोंडी वेगळा आकडा असतो. सर्वच आकडे कुठल्या ना कुठल्या सरकारी कागदातूनच आलेले असतात, तरी ते एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून लांब कागदातून एकाच प्रश्नापुरता, म्हणजे खर्चापुरता, सारांश कसा काढावा हे आम्ही येथे याच उदाहरणावरून सांगत आहोत.

शाळेत आपण सारांश शिकतो तो संपूर्ण उताऱ्याचा. येथे तसे नाही. आधी प्रश्न कागदाच्या माथ्यावर लिहावा, आणि तोही फोडून: रक्कम किती? तीत काय काय धरले आहे? ती कोण घालणार? या तिन्हींपैकी एकाचेही उत्तर न देणारे वाक्य कितीही महत्त्वाचे असले तरी सोडून द्यावे. हे सोडणेच अवघड जाते.

आता उदाहरण. 19 जून 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने बंदरास मंजुरी दिली. त्या वेळच्या पत्रकात आकड्यांची रेलचेल आहे. समुद्रात 1,448 हेक्टरचा भराव, 10.14 किलोमीटरचा लाटारोधक बांध, नऊ कंटेनर टर्मिनल, वर्षाला 298 दशलक्ष टन मालाची क्षमता, दहा लाखांच्या आसपास रोजगार. नवखा विद्यार्थी आकडा दिसला की उतरवून घेतो. पण क्षमता आणि रोजगार हा खर्च नव्हे, ते दोन्ही गाळावेत. भराव आणि बांध यांच्यावर पैसा जाणार हे खरे, परंतु त्यांची स्वतंत्र रक्कम तेथे नाही, म्हणून तेही गाळलेले बरे.

याच्या उलट चूक अधिक महागात पडते. रुपये, कोटी, निधी, भांडवल असे शब्द शोधत गेले की आकड्याची वाक्ये सापडतात, पण खर्चाचे काही वाक्य असे असते की त्यात आकडाच नसतो. या पत्रकात राष्ट्रीय महामार्गाशी जोडणारा रस्ता रस्ते वाहतूक मंत्रालय करील आणि रेल्वेची जोडणी रेल्वे मंत्रालय करील, असे म्हटले आहे. हे वाक्य गाळले तर वाचणारा समजतो की सांगितलेल्या रकमेत सारे काही आले. म्हणून कागद दुसऱ्यांदा वाचावा, तो ‘सह’, ‘वगळून’, ‘कोण करील’ एवढ्यासाठीच. आमच्या मते ही दुसरी फेरीच खरे काम आहे.

यातून तयार झालेला सारांश असा:

‘भूसंपादन धरून एकूण खर्च 76,220 कोटी रुपये. यात मूलभूत सुविधा, टर्मिनल व इतर व्यापारी सुविधा येतात. काम सरकारी-खासगी भागीदारीने. बंदर कंपनीत जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा 74 टक्के व महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा 26 टक्के. रस्ता व रेल्वेजोडणी संबंधित मंत्रालये करणार; त्यांची रक्कम पत्रकात नाही.’

शेवटचे चार शब्द मुद्दाम ठेवले आहेत. जे कागदात नाही ते नाही असे लिहावे, अंदाजाने भरू नये.

पर्यावरण आघात अहवालासारखा शेकडो पानांचा ग्रंथ हाती आला, तर 2006 च्या अधिसूचनेने ठरवलेला प्रकरणांचा क्रम उपयोगी पडतो. देखरेखीचे अंदाजपत्रक सहाव्या प्रकरणात असायला हवे, पुनर्वसनाचा आराखडा सातव्यात, पर्यावरण व्यवस्थापनाची योजना दहाव्यात. नववे, खर्च-लाभाचे प्रकरण, आधीच्या टप्प्यात सुचवले असेल तरच असते. प्रत्येक रकमेपुढे पान क्रमांक टाकावा. एकदाच होणारा भांडवली खर्च आणि दरसालचा आवर्ती खर्च यांची बेरीज कधीही करू नये. तक्त्याच्या माथ्यावर ‘लाख’ आहे की ‘कोटी’, तेही पाहावे. मजकुरात कोटी आणि तक्त्यात लाख असे होतच असते.

आता सुरुवातीचा न जुळणारा आकडा. फेब्रुवारी 2020 मध्ये मंत्रिमंडळाने तत्त्वतः मंजुरी दिली, तेव्हा खर्च 65,544.54 कोटी सांगितला होता. वजाबाकी केली तर 10,675.46 कोटी येतात, आणि चार वर्षांत इतका खर्च वाढला असे कोणीही म्हणून जाईल. पण 2020 च्या पत्रकात भराव व बांधाबरोबर अंतर्भागाशी जोडणी करण्याचे कामही बंदर कंपनीकडेच दिले होते. 2024 मध्ये रस्ता आणि रेल्वे मंत्रालयांकडे गेले. दोन्ही रकमांत तेच काम मोजलेले आहे, हे या पत्रकांवरून सिद्ध होत नाही. तेव्हा दोन्ही आकडे त्यांच्या तारखांसह शेजारी लिहावेत, आणि ‘वाढ’ हा शब्द मात्र वापरू नये.