नळ सोडला की मोटार सारखी चालू-बंद होते? स्विच बदलण्याआधी टाकीतली हवा तपासा

घरात एकच नळ चालू आहे आणि बाहेर मोटार दर आठ-दहा सेकंदांनी घुर्रर्र करून सुरू होते, लगेच बंद पडते, पुन्हा सुरू होते. नळाची धारही कधी जोरात, कधी मंद. प्रेशर पंप बसवलेल्या घरांत दोन-तीन वर्षांनी ही तक्रार हमखास येते. बहुतेक वेळा दोष प्रेशर स्विचवर ढकलला जातो, नवा स्विच बसतो आणि चार दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. कारण अशा वेळी बिघाड बहुधा शेजारच्या टाकीत असतो. टाकीतली हवा संपलेली असते आणि ती फक्त पाण्याने भरलेली असते.

हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. मोटार सुरू होताना ती नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. हा झटका क्षणभराचाच असतो, पण तो तासाला चाळीस वेळा बसणं वेगळं आणि चारशे वेळा बसणं वेगळं. त्यात संध्याकाळी व्होल्टेज उतरलेलं असेल तर मोटार लवकर उचलत नाही, वाइंडिंग आणखी तापतं. शेवटी कपॅसिटर जातो, स्विचचे पॉइंट जळतात, नाही तर मोटार रिवाइंडिंगला न्यावी लागते.

टाकीत हवा कशासाठी?

पंपाला जोडलेली ती गोल टाकी पाणी साठवायला आहे असं वाटतं. पण तिचं खरं काम स्प्रिंगचं आहे. टाकीच्या आत रबरी फुगा असतो, त्याला ब्लॅडर म्हणतात. पाणी या फुग्याच्या आत जातं आणि फुगा व लोखंडी टाकी यांच्या मधे हवा असते. मोटार चालू झाली की पाणी फुग्यात शिरतं आणि हवा दाबली जाते. मोटार बंद झाली की तीच दाबलेली हवा पाण्याला नळाकडे ढकलते. तेवढा वेळ मोटारीला आराम मिळतो.

पाणी दाबलं तरी आकसत नाही, हवा आकसते. म्हणून हवा गेली की स्प्रिंगच गेली. मोटार चालू होताच दाब एकदम वर जातो आणि स्विच मोटार बंद करतो. नळातून लोटाभर पाणी गेलं की दाब धपकन खाली येतो आणि स्विच पुन्हा मोटार चालू करतो. स्विच त्याचं काम बरोबरच करत असतो.

एका घराचं उदाहरण

समजा, घराला अर्धा एचपीचा पंप आहे आणि टाकी २४ लिटरची आहे. स्विच २० पीएसआयला मोटार चालू करतो आणि ४० ला बंद करतो. पीएसआय म्हणजे पंक्चरच्या दुकानात ‘हवा २८ ठेवा’ म्हणतो तेच माप. घड्याळावर किलोचे आकडे असतील तर २० म्हणजे साधारण १.४ किलो आणि ४० म्हणजे २.८ किलो.

टाकीत हवा नीट असेल तर ४० वरून २० वर येईपर्यंत टाकी साधारण ८ लिटर पाणी देते. २४ लिटरच्या टाकीतून ८ लिटरच, कारण उरलेली जागा हवेची असते. कपडे धुताना नळातून मिनिटाला ८ लिटर पाणी जात असेल, तर मोटार पूर्ण एक मिनिट बंद राहते. मग ती चालू होते. पंप मिनिटाला २५ लिटर देत असेल तर त्यातलं ८ लिटर नळाला जातं आणि बाकीचं टाकीत. अर्ध्या मिनिटात टाकी भरते. म्हणजे एक फेरा दीड मिनिटाचा आणि तासाला चाळीसेक वेळा चालू-बंद.

आता याच टाकीत हवा जवळजवळ उरली नाही आणि ती फक्त पाऊण लिटर पाणी देते असं धरा. मोटार सहा सेकंदच बंद राहते आणि अडीच-तीन सेकंदांत टाकी भरते. नऊ सेकंदांत एक फेरा. तासाला चारशे वेळा! अर्धा तास कपडे धुवायचे म्हटले तर आधी वीस वेळा सुरू होणारी मोटार आता दोनशे वेळा सुरू होते.

आधी घड्याळाच्या काट्याकडे बघा

कुठलाही पार्ट उघडण्याआधी एक नळ सोडा आणि प्रेशरच्या घड्याळासमोर पाच मिनिटं उभं राहा.

काटा झरकन ४० वर आणि झरकन २० वर येतोय, पण चालू-बंद व्हायचे आकडे दर वेळी तेच आहेत? मग बिघाड टाकीत आहे.

आकडे दर वेळी बदलतात, एकदा १५ ला चालू होते तर एकदा २५ ला? किंवा काटा ४० च्या पुढे गेला तरी मोटार थांबत नाही? मग संशय स्विचवर.

सगळे नळ बंद असूनही मोटार अधूनमधून चालू होते? मग पाणी कुठेतरी जातंय. टाकीनंतर घराकडे जाणारा कॉक बंद करा. तरी काटा खाली येत असेल तर पंपाजवळचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह किंवा फूट व्हॉल्व्ह पाणी मागे सोडतोय. काटा जागेवर राहिला तर गळती घरात आहे. संडासाची फ्लश टाकी सगळ्यात आधी बघा.

टाकीतली हवा कशी तपासायची?

आधी मोटारीचा एमसीबी पाडा. मग खालच्या बाजूचा एक नळ सोडा आणि घड्याळाचा काटा शून्यावर येईपर्यंत पाणी जाऊ द्या. नळ तसाच उघडा ठेवा. ही पायरी चुकली तर पुढचं सगळं चुकतं. टाकीत दाबाचं पाणी असताना हवा मोजली तर पाण्याचाच दाब दिसतो आणि हवा भरपूर आहे असं वाटतं.

टाकीच्या एका टोकाला प्लास्टिकचं टोपण असतं. ते काढलं की आत मोटारसायकलच्या ट्यूबसारखाच व्हॉल्व्ह दिसतो. त्याची मधली पिन नखाने किंवा काडीने क्षणभर दाबा.

पिन दाबल्यावर पाणी आलं तर फुगा फाटला आहे. हवा भरून उपयोग नाही. नुसती हवा आली तर टायरचा गेज लावून मोजा. नियम सोपा आहे: मोटार ज्या आकड्याला चालू होते, त्यापेक्षा हवा २ पीएसआय कमी हवी. २० ला चालू होत असेल तर १८. ३० ला होत असेल तर २८.

हवा कमी असेल तर गेज असलेल्या हातपंपाने किंवा पायपंपाने भरा. भरताना नळ उघडाच ठेवा, म्हणजे फुग्यात उरलेलं पाणी बाहेर पडेल. ‘थोडी जास्त असू दे’ असं करू नका. हवा २० च्या वर गेली तर मोटार चालू व्हायच्या आतच टाकीतलं पाणी संपतं आणि नळ झटके देत वाहतो.

हवा भरली, नळ बंद केला, एमसीबी वर केला, मोटार एकदा आपोआप बंद होऊ दिली. आता एक नळ सोडा आणि मोटार किती वेळ बंद राहते ते मोबाइलवर मोजा. सहा सेकंदांचं एक मिनिट झालं असेल तर दुखणं सापडलं.

आठवड्याने हवा पुन्हा याच पद्धतीने मोजा. १८ ची १७ झाली तर हरकत नाही. १० झाली असेल तर हवा कुठूनतरी जातेय. व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर ट्यूबमधे असते तसली व्हॉल्व्हची पिन बदला. बुडबुडे नसतील तर फुग्याला बारीक भोक असण्याची शक्यता जास्त.

फुगा फाटला असेल तर?

टाकीच्या तोंडाला बोल्टांनी आवळलेली गोल प्लेट असेल तर फुगा बदलता येतो. तेवढ्याच लिटरचा आणि तेवढ्याच तोंडाचा फुगा आणा. काही टाक्या पूर्ण बंद असतात, त्यांचा फुगा बदलता येत नाही, टाकीच बदलावी लागते. जुना फुगा काढल्यावर टाकीत हात घालून बघा. फाटलेल्या फुग्यातून पाणी लोखंडाला लागलेलं असतं. गंजाचे पापुद्रे निघत असतील किंवा व्हॉल्व्हमधून तांबूस पाणी आलं असेल, तर नवा फुगा त्या पापुद्र्यांवर घासून पुन्हा फाटेल. अशा वेळी टाकीच बदललेली बरी.

स्विच खरंच बिघडला असेल तर

स्विचचं झाकण उघडण्याआधी एमसीबी पाडलाय ना, याची टेस्टरने खात्री करा. आत दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे पॉइंट. ते काळे पडलेले, खड्डे पडलेले किंवा एकमेकांना चिकटलेले असतील तर मोटार नुसती गुणगुणते किंवा थांबतच नाही. पुष्कळदा पॉइंटच्या मधे मुंग्या चिरडलेल्या सापडतात. जळलेला पॉइंट घासून काही दिवस चालतो, पण स्विच बदलणं हाच खरा उपाय. दुसरी गोष्ट म्हणजे स्विचखालचं बारीक भोक. बोअरच्या पाण्यातला गाळ आणि क्षार तिथे साचतात. मग दाबाची खबर स्विचला उशिरा मिळते आणि आकडे बदलत राहतात. दाब शून्यावर आणून स्विच खोलला की बारीक तारेने ते भोक मोकळं करता येतं.

स्विचमधल्या स्प्रिंगचे नट मात्र फिरवू नका. मोठ्या नटने चालू आणि बंद दोन्ही आकडे सरकतात, लहान नटने त्यांच्यातलं अंतर बदलतं. टाकीत हवा नसताना नट आवळून मोटार थोडी उशिरा थांबते, पण पंपाला जास्त दाब चढवावा लागतो आणि पाइपच्या जोडांवर ताण येतो. शिवाय चालू होण्याचा आकडा बदलला तर टाकीतली हवाही त्या हिशेबाने बदलावी लागते.

ज्या पंपाला टाकीच नाही, नुसता इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आहे, त्याला हवेचा हा हिशेब लागू होत नाही. तिथे मोटार सारखी चालू-बंद होत असेल तर आधी गळती शोधा. बाकीच्यांनी सहा महिन्यांतून एकदा नळ उघडा ठेवून टाकीतली हवा मोजावी आणि आकडा तारखेसह टाकीवरच मार्करने लिहून ठेवावा. पुढच्या वेळी प्लंबर आला की हवा किती उतरली हे त्याला तिथेच दिसेल.