बाहेरून शांत, आतून बेकाबू

एखाद्या यंत्रणेला मर्यादित इनपुट दिल्यावर आउटपुटही मर्यादित राहिले, तर ती बाहेरून स्थिर मानतात. ही कसोटी यंत्रणा शून्य अवस्थेतून सुरू होते असे धरते. आंतरिक स्थैर्याची अट कडक आहे: इनपुट नसताना आतली प्रत्येक राशी, ती कुठूनही सुरू झाली तरी, शून्याकडे गेलीच पाहिजे.

समजा, एका यंत्राचे सूत्र 1/(s−1) आहे. त्यातली राशी आपोआप e^t या वेगाने वाढते. अभियंता त्याच्या आधी (s−1)/(s+1) हा नियंत्रक जोडतो. गुणाकारात (s−1) कटतो आणि 1/(s+1) हे निर्दोष सूत्र उरते. पण यंत्रात सुरुवातीला 0.001 एवढी जरी राशी असली, तर दहा सेकंदांत ती सुमारे 22 होते, आणि नियंत्रक तिला अडवू शकत नाही.

क्रम उलटा करा, आधी यंत्र आणि मग नियंत्रक. हा प्रकार मला अधिक घातक वाटतो. आता आउटपुट शांत दिसते, पण आतली राशी फुगत राहते आणि शेवटी एखादा भाग जळतो किंवा तुटतो.

सूत्रात फक्त नियंत्रणाखालचा आणि बाहेरून दिसणारा भाग उमटतो, हे रुडॉल्फ काल्मान यांनी 1963 साली मांडले. गुणांक बदलत नसलेल्या रेषीय यंत्रणेत आंतरिक स्थैर्य असले की बाह्य स्थैर्य मिळतेच. उलट मात्र खरे नाही. म्हणून अस्थिर घटक कधीही काटून घालवू नका, फीडबॅक देऊन त्याला स्थिर करा.