आजाऱ्याजवळ कोण बसणार?

मुलांनो, बुद्धपौर्णिमा वैशाखात येते, म्हणजे आपल्या उन्हाळी सुट्टीत. त्यामुळे परिपाठात तिच्याविषयी बोलायचं राहूनच जातं. आता शाळा सुरू झाली आहे, पाऊसही लागला आहे, तर आज बोलू या. बुद्धांचा जन्म, त्यांना झालेलं ज्ञान आणि त्यांचं महापरिनिर्वाण या तिन्ही गोष्टी परंपरा याच पौर्णिमेला मानते. पण मी तुम्हाला सांगणार आहे त्यांच्या आयुष्यातला एक साधा दिवस. तो नोंदवला आहे विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या पाली ग्रंथात.

असे पाली ग्रंथ मराठी माणसाजवळ आणले ते आपल्या सिंधुदुर्गाच्या शेजारच्या माणसाने. धर्मानंद कोसंबी १८७६ साली गोव्यात साखवाळ इथे जन्मले. ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धांविषयी वाचलं आणि त्या ओढीने पुढे घर सोडलं. थेट श्रीलंकेपर्यंत जाऊन ते पाली शिकले आणि शिकलेलं मराठीत लिहीत राहिले.

तर तो दिवस असा. बुद्ध आणि त्यांचे शिष्य आनंद भिक्षूंच्या खोल्या पाहत चालले होते. एका खोलीत एक भिक्षू पोटाच्या आजाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. बुद्धांनी त्याला विचारलं, काय होतंय? मग विचारलं, तुझं करायला कोणी आहे का? तो म्हणाला, कोणी नाही, कारण मी इतर भिक्षूंच्या काही उपयोगी पडत नाही. बुद्धांनी आनंदांना पाणी आणायला सांगितलं. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदांनी अंग धुतलं. मग एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजवलं.

मला नवल वाटतं ते इथे. या गोष्टीत चमत्कार नाही. बुद्धांनी हात लावला आणि तो बरा झाला, असं ग्रंथ म्हणत नाही. पुढे त्याचं काय झालं हेही सांगत नाही. त्याचं नावसुद्धा दिलेलं नाही. ग्रंथाला महत्त्वाचं वाटलं ते एवढंच की त्याला विचारलं गेलं, धुतलं गेलं आणि कोरड्या जागी निजवलं गेलं.

आणि बुद्ध तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी सगळ्या भिक्षूंना एकत्र बोलावलं. घर सोडून आलेल्यांना इथे आई नाही, बाप नाही. मग एकमेकांचं तुम्ही नाही करणार तर कोण करणार, असं त्यांना विचारलं. माझी सेवा करावीशी वाटत असेल त्याने आजाऱ्याची करावी, असंही सांगितलं. मग नियमच घातला: गुरूने शिष्याचं करावं, शिष्याने गुरूचं, आणि ज्याला कोणीच नाही त्याचं संघाने. एका माणसाची दया आली होती, तिची त्यांनी कायमची व्यवस्था केली.

सेवा करणाऱ्याला काय यायला हवं, तेही त्याच ठिकाणी सांगितलं आहे. त्याला औषध तयार करून देता यावं. पथ्य कोणतं, अपथ्य कोणतं ते कळावं. पोट बिघडलेल्या माणसाला आपण प्रेमाने तळलेला बांगडा वाढला, तर ते प्रेम त्याला बाधेल; त्याला पेजच हवी. सेवा कसल्या लाभासाठी नसावी. मलमूत्र, थुंकी, ओकारी काढताना किळस वाटू नये. आणि आजाऱ्याला धीर येईल असं बोलता यावं. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या परिचारिकेलाही पटेल.

याहून मोठं आश्चर्य म्हणजे, आजाऱ्याचंही कर्तव्य तिथे सांगितलं आहे. त्याने दुखणं आहे तसं सांगावं: वाढलं तर वाढलं, उतरलं तर उतरलं, तसंच असेल तर तसंच आहे.

आपल्या सिंधुदुर्गात तर असं विचारणं आणि दुखणं आहे तसं सांगणं जीव वाचवू शकतं. उंदरांच्या मुतामुळे दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या साध्या जखमेवाटे लेप्टो अंगात शिरतो. लावणीच्या दिवसांत ताप येतो, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. साधा ताप आहे म्हणून घरात कोणी चार दिवस अंगावर काढतं आणि उपचाराची वेळ निघून जाते. अशा वेळी तुम्ही विचारायचं: ताप कधीपासून? चिखलात उतरला होतात का? लगेच दवाखान्यात न्यायचं आणि डॉक्टरांना जसं आहे तसं सांगायचं.

आज वर्गात हजेरी होईल तेव्हा कोण आलेलं नाही ते बघा. संध्याकाळी त्याच्या घरी जा, काय होतंय ते विचारा, आणि त्याचं करायला घरात कोणी आहे का, हेही विचारा.