पहिले घड्याळ आणि तासकाटा

काट्यांच्या घड्याळात वेळ सांगण्याचे मुख्य काम तासकाट्याचे असते. एका आकड्यापासून पुढच्या आकड्यापर्यंत जायला त्याला साठ मिनिटे लागतात. तो चारच्या जरा पुढे असेल तर चार वाजून गेलेले असतात, चार आणि पाचच्या मधोमध असेल तर साडेचार झालेले असतात आणि पाचच्या जवळ आला असेल तर पावणेपाच. मिनिटकाटा हेच अंतर बारकाईने मोजून देतो. मराठीत वेळ सांगण्याची रीतही हीच आहे. सव्वा, साडे आणि पावणे हे शब्द तबकडीवर पाव, अर्ध्या आणि पाऊण वर्तुळाच्या रूपात दिसतात. आकड्यांच्या घड्याळावर 4:45 वाचता येते, पण पाचला पाव तास कमी आहे हे कळायला मनात वजाबाकी करावी लागते. दहा वर्षांच्या मुलाला वेळ वाचायला शिकवायची असेल, तर पहिले घड्याळ काट्यांचेच हवे आणि त्याचा तासकाटा स्पष्ट दिसणारा व अचूक बसवलेला हवा.

या वयाची मुले चुकतात ती बहुधा एकाच ठिकाणी. पाचला दहा मिनिटे कमी असताना मिनिटकाटा दहाच्या आकड्यावर असतो आणि तासकाटा पाचला जवळजवळ टेकलेला असतो. मूल 'पाच वाजून पन्नास मिनिटे' म्हणून मोकळे होते, म्हणजे पूर्ण एक तास पुढे जाते. पन्नास मिनिटे त्याने बरोबर मोजलेली असतात, पण तासकाटा पाचपर्यंत पोचलेला नाही हे त्याच्या लक्षात आलेले नसते. दुसरी चूक म्हणजे दोन्ही काटे एकसारखे दिसल्यामुळे त्यांची अदलाबदल होणे. सव्वाबाराचे तीन वाजतात ते असे.

तबकडी या दोन चुका टाळायला मदत करणारी असावी. तासकाटा आखूड आणि जाड असावा व त्याचे टोक आकड्यांपाशी संपावे. मिनिटकाटा लांब आणि बारीक असावा व थेट कडेच्या मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचावा. दोघांचे रंग वेगळे असतील तर अधिक चांगले. 1 ते 12 हे सगळे आकडे छापलेले असावेत आणि बाहेरच्या कडेला 5, 10, 15 असे 60 पर्यंत मिनिटांचे आकडे असावेत. स्वित्झर्लंडच्या फ्लिक फ्लॅक या मुलांच्या घड्याळांनी 1987 पासून हीच कल्पना वापरली आहे. त्यांत दोन काट्यांना दोन भावंडांची रूपे दिलेली असतात. केवळ 12, 3, 6, 9 लिहिलेली तबकडी, रोमन आकडे आणि काट्यांमागे ठळक चित्र असलेली तबकडी पहिल्या घड्याळाला नको. तारखेची खिडकीही टाळावी, कारण ती बहुधा तीनच्या आकड्याची जागा घेते.

तबकडी चांगली असूनही काटे चुकीचे बसवलेले असू शकतात, आणि स्वस्त घड्याळांत हे बऱ्याचदा आढळते. याची परीक्षा दुकानातच करता येते. बाजूची चावी ओढून काटे पुढे फिरवायचे आणि मिनिटकाटा बरोबर बारावर आणायचा. त्या क्षणी तासकाट्याचे टोक कोणत्या तरी आकड्याच्या मध्यावर असायला हवे. मग साडेसहा लावून तासकाटा सहा आणि सातच्या मधोमध येतो का ते पाहायचे. दोन आकड्यांमधल्या अंतराच्या पाव भागाने तासकाटा पुढे असेल, तर तो पंधरा मिनिटे खोटी सांगतो. मोठ्या माणसाला हे जाणवत नाही, कारण तो मिनिटकाट्यावरून अंदाज करून घेतो. शिकणाऱ्या मुलाचा मात्र तासकाट्यावरचा विश्वासच उडतो. केसाएवढा फरक चालतो, पण डोळ्यांना सहज दिसणारा चालत नाही.

यानंतर मजबुतीचा विचार. मुलांच्या घड्याळासाठी सेलवर चालणारे क्वार्ट्झ यंत्र योग्य ठरते. चावीच्या किंवा आपोआप चालणाऱ्या घड्याळापेक्षा ते आदळआपट बरीच अधिक सोसते आणि रोज चावी द्यावी लागत नाही. काच कडेपेक्षा किंचित खोल बसवलेली असावी, म्हणजे भिंतीला घासताना आधी कड लागते. प्लास्टिकच्या काचेवर ओरखडे लवकर पडतात, पण ती सहसा फुटत नाही. खनिज काचेवर ओरखडे कमी पडतात, मात्र जोराचा मार बसला तर ती तडकते.

पाठीवर लिहिलेले मीटर म्हणजे पाण्यात नेण्याची खोली नव्हे. तो आकडा स्थिर दाबाच्या चाचणीतून आलेला असतो. 30 मीटर लिहिलेले घड्याळ हात धुण्याला आणि पावसाच्या शिंतोड्यांना पुरते. पोहायला किमान 50 मीटरचे, आणि उड्या मारणाऱ्या मुलाला 100 मीटरचे बरे. चावी बाहेर ओढलेली असली तर यांपैकी कोणतेच घड्याळ पाणी अडवत नाही.

घड्याळ हरवते ते बहुधा पट्ट्याची बारीक पिन निसटल्यामुळे. नायलॉनचा अखंड पट्टा दोन्ही पिनांखालून जातो, त्यामुळे एक पिन तुटली तरी दुसऱ्या पिनेवर घड्याळ लटकून राहते. तो धुता येतो, लवकर वाळतो आणि त्याचा नवा जोड सहज मिळतो. घड्याळाशी एकजीव ओतलेला पट्टा तुटला, तर नेमका तसाच पट्टा शोधत बसावे लागते.

एक उदाहरण घेऊ. दहा वर्षांच्या मुलीचे मनगट दोऱ्याने मोजले तर 14 सेंटिमीटर भरते आणि ती आठवड्यातून दोनदा पोहायला जाते. दुकानात तिच्यापुढे तीन घड्याळे ठेवली आहेत. पहिल्यावर परीचे चित्र आहे, चारच आकडे आहेत आणि काटे चित्रात हरवतात, म्हणून ते बाजूला जाते. दुसरे 100 मीटरचे आहे, पण 42 मिलिमीटर रुंद आहे. त्याची वरची आणि खालची टोके तिच्या मनगटाच्या सपाट भागाबाहेर येतात, त्यामुळे ते दारांना आपटत राहील. शिवाय त्याच्या तबकडीत आणखी तीन छोट्या तबकड्या आहेत. तिसरे 32 मिलिमीटरचे, 50 मीटरचे, पांढऱ्या तबकडीचे, पूर्ण आकड्यांचे आणि नायलॉनच्या पट्ट्याचे आहे. निवड याचीच होते. परंतु तीन वाजता लावल्यावर त्याचा तासकाटा तीनच्या स्पष्ट पुढे दिसतो. अशा वेळी त्याच जातीचा दुसरा नग मागावा. त्यात तीन, सहा आणि साडेसहा जागच्या जागी येतात, आणि तो नग घ्यावा.

शिकवतानाही तासकाट्यापासूनच सुरुवात करावी. पहिले काही दिवस मिनिटकाट्याकडे न बघता 'चार वाजून गेले', 'साडेचारच्या आसपास', 'पाच वाजायला आलेत' एवढेच सांगायला लावावे. ते जमले की मिनिटे जोडावीत. पाचला दहा कमी असताना मुलीने आधी 'अजून पाच वाजले नाहीत' म्हटले, तर पन्नास मिनिटे चारच्या खात्यात जातात आणि एका तासाची चूक होत नाही.

पुढे घड्याळच बिघाडाची खूण देते. अनेक क्वार्ट्झ घड्याळांत सेल संपत आला की सेकंदकाटा एकेका सेकंदाऐवजी काही सेकंदांच्या उड्या मारू लागतो. काचेच्या आतून धुके धरले, तर पाणी शिरलेले असते आणि घड्याळ लगेच घड्याळजीकडे न्यावे. सेल बदलताना पाठीची रबरी कडीही तपासून घ्यावी, कारण ती चिरडली किंवा कोरडी पडली तर पाण्यापासूनचे संरक्षण संपते. काढलेला जुना सेल घरातल्या लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नये. तो गिळला गेला तर अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते.