नऊची गोळी आणि झोपलेला लॅपटॉप

रोज रात्री नऊला रक्तदाबाची गोळी घ्यायची आहे. घरात कोणी लिनक्स वापरणारं असेल तर ते हमखास म्हणणार, "अ‍ॅप कशाला? क्रॉन आहे की!" क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी ठरलेलं काम करणारी, संगणकात मागे गुपचूप चालू असलेली सोय. 1970च्या दशकापासून युनिक्समध्ये ती आहे. तिला एक ओळ लिहून दिली की झालं:

```
0 21 * * * notify-send "गोळी घ्या"
```

आधी मिनिटं, मग तास. पुढचे तीन तारे म्हणजे कोणतीही तारीख, कोणताही महिना, कोणताही वार. ना जाहिराती, ना नोंदणी. मलाही हा साधेपणा आवडतो.

पण नऊ वाजतात आणि पडद्यावर काहीच येत नाही. क्रॉन काम पडद्यामागून चालवतो, त्यामुळे तुमचा डेस्कटॉप कुठे आहे हे त्या आज्ञेला बहुधा ठाऊकच नसतं. तो पत्ता ओळीत वेगळा द्यावा लागतो. तो दिलात तरी खरी अडचण पुढेच आहे. लॅपटॉपचं झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो आणि क्रॉनही थांबतो. झाकण बरेच तास मिटलेलं राहिलं तर चुकलेली आठवण साधा क्रॉन पुन्हा देत नाही, ती त्या दिवसापुरती गेलीच. अ‍ॅनाक्रॉन नावाची सोय राहिलेलं काम नंतर उरकते, पण ती दिवसांच्या हिशेबाने चालते, "बरोब्बर नऊ" हे तिच्या खात्यात नाही. शिवाय लॅपटॉप जागा असून तुम्ही स्वयंपाकघरात असलात, तर त्या कोपऱ्यातल्या चौकोनाचा उपयोग काय?

फोन खिशात असतो, म्हणून गोळीसाठी फोनच. मात्र तिथेही कोणतंही अ‍ॅप चालेल असं नाही. अँड्रॉइड 6पासून पडून राहिलेला फोन बॅटरी वाचवण्यासाठी अ‍ॅपची कामं पुढे ढकलतो. काही कंपन्यांचे फोन तर मागे चालणारं अ‍ॅप सरळ बंदच करून टाकतात. लक्षण ओळखायला सोपं: फोन हातात घेऊन पडदा उघडला की उशिराची सूचना टपकन येते. असं होत असेल तर त्या अ‍ॅपला बॅटरीच्या सेटिंगमधून सूट द्या, नाहीतर फोनमधल्या घड्याळाचा गजर रोजचा लावून टाका. घड्याळाच्या गजराला ही ढकलाढकल लागू नसते आणि तो बराच वेळ वाजत राहतो.

क्रॉनची खरी जागा वेगळी. आठवण अटीवर अवलंबून असेल, म्हणजे "आज बॅकअप झाला नसेल तरच सांग", तर ते पाहायचं काम कायम चालू असलेल्या सर्व्हरवरच्या क्रॉनला द्यावं आणि निरोप फोनवर पाठवावा. फक्त सर्व्हरचं घड्याळ आधी तपासा. ते बहुधा यूटीसीवर असतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तिथे रात्री नऊसाठी `30 15` लिहावं लागतं. `0 21` लिहिलंत तर फोन रात्री अडीचला वाजेल.