होकाराचा मेल: आधी शंका, मग स्वीकृती

नोकरीचे ऑफर लेटर हा कायद्याच्या दृष्टीने प्रस्ताव असतो आणि उमेदवाराचा 'मान्य आहे' असा मेल ही त्या प्रस्तावाची स्वीकृती असते. भारतीय करार कायदा 1872 सालचा असला तरी त्याचे कलम 7 आजच्या मेललाही लागू पडते. स्वीकृती संपूर्ण आणि बिनशर्त असली पाहिजे, असे ते सांगते. 'ऑफर मान्य आहे, मात्र पगार थोडा वाढवावा' असे उत्तर दिले की ती स्वीकृती राहत नाही. तो उमेदवाराने पुढे केलेला नवा प्रस्ताव ठरतो. मूळ प्रस्ताव तिथेच संपतो आणि नवा मानायचा की नाही हे कंपनी ठरवते. व्यवहारात बहुतेक कंपन्या इतक्या काटेकोर वागत नाहीत. पण त्या जागेसाठी दुसरा उमेदवार तयार असेल, तर असे अर्धवट उत्तर कंपनीला माघार घ्यायला आयते निमित्त देते.

करार मेलवर झाला म्हणून त्याचे वजन कमी होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात 2008 च्या दुरुस्तीने कलम 10अ आले आणि केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला एवढ्याच कारणाने करार निष्प्रभ ठरवता येणार नाही, हे स्पष्ट झाले. 2010 मध्ये ट्रायमेक्स इंटरनॅशनल विरुद्ध वेदांता या बॉक्साइटच्या व्यवहाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मेलच्या देवाणघेवाणीतूनच करार पूर्ण झाल्याचे मान्य केले. याउलट फोनवर एचआरने दिलेला शब्द नंतर सिद्ध करणे फार अवघड जाते. अनेक ऑफर लेटरच्या शेवटी 'यापूर्वीची सर्व बोलणी या पत्राने रद्दबातल समजावीत' अशा अर्थाचे वाक्य असते. उमेदवार ते सहसा वाचत नाही, आणि फोनवर कबूल झालेला जॉइनिंग बोनस त्या एका वाक्यात बुडतो.

म्हणून होकाराची कृती दोन मेलमध्ये विभागणे शहाणपणाचे. पहिला मेल फक्त विचारणा करणारा असावा. त्यात स्वीकृतीचा शब्द नसावा आणि नकाराचा सूरही नसावा. त्याला लेखी उत्तर आले, शक्य तर दुरुस्त पत्र आले, की दुसरा मेल निखळ होकाराचा. ठरलेल्या गोष्टी होकारात पुन्हा लिहायला हरकत नाही. ठरलेले पुन्हा सांगणे म्हणजे नवी अट घालणे नव्हे. प्रश्न असतो तो न ठरलेली गोष्ट होकाराच्या मेलमध्ये हळूच घुसवण्याचा.

नमुन्यादाखल एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नाशिकच्या एका कारखान्यात लेखा विभागात काम करणाऱ्या महिलेला पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कंपनीकडून वार्षिक 9 लाख सीटीसीची ऑफर आली. फोनवर तीन गोष्टी ठरल्या होत्या: पगार 9 लाख, रुजू होण्याची तारीख ऑगस्टच्या सुरुवातीला आणि 50 हजारांचा जॉइनिंग बोनस. पत्र आले तेव्हा त्यात रुजू होण्याची तारीख 20 जुलै होती आणि बोनसचा उल्लेखच नव्हता. पगाराचा आकडा मात्र बरोबर होता. आणि खरे तर नीट पाहायला हवे होते ते त्याच आकड्याकडे.

सीटीसी म्हणजे कंपनीचा त्या कर्मचाऱ्यावर होणारा एकूण खर्च. हातात पडणारा पगार नव्हे. 9 लाखांना 12 ने भागून महिन्याला 75 हजार मिळतील असा हिशेब घरोघरी मांडला जातो. पत्रासोबतच्या तक्त्यात बेसिक 4,50,000, घरभाडे भत्ता 1,80,000 आणि विशेष भत्ता 92,355 रुपये होता. याशिवाय कामगिरीवर अवलंबून असणारी व्हेरिएबल रक्कम 90,000, कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतील वाटा बेसिकच्या 12 टक्के म्हणजे 54,000, ग्रॅच्युइटीची तरतूद बेसिकच्या 4.81 टक्के म्हणजे 21,645 आणि आरोग्य विम्याचा हप्ता 12,000. सगळे मिळून 9 लाख. यातले दरमहा खात्यात येऊ शकणारे फक्त पहिले तीन घटक. त्यांची महिन्याची बेरीज सुमारे 60,196 रुपये होते. त्यातून कर्मचाऱ्याच्या वाट्याचा पीएफ 4,500 आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर 200 वजा केला की उरतात जवळपास 55,500. नव्या करप्रणालीत 2025-26 या वर्षात पगारदाराला 12 लाख 75 हजारांपर्यंत आयकर लागत नाही, म्हणून इथे ती कपात नाही. तरीही 75 हजार आणि साडेपंचावन्न हजार यांत जवळजवळ वीस हजारांचे अंतर आहे. पुण्यात फ्लॅट भाड्याने घ्यायचा की पेइंग गेस्ट म्हणून राहायचे, हे या अंतरावर ठरते.

यात कंपनीने फसवले असे म्हणता येत नाही. तक्ता पत्रातच होता. पीएफचे पैसे शेवटी कर्मचाऱ्याचेच असतात. ग्रॅच्युइटी मात्र कायम कर्मचाऱ्याला साधारणपणे सलग पाच वर्षे नोकरी झाल्यावरच मिळते, त्यामुळे दोन-तीन वर्षांत नोकरी बदलणाऱ्यासाठी तो आकडा केवळ कागदावरचा. सर्वांत धूसर असते ती व्हेरिएबल रक्कम. ती वर्षातून एकदा मिळते की तिमाहीला, वर्षाच्या मध्ये रुजू झालेल्याला प्रमाणात मिळते का, आणि ती मिळण्याच्या दिवशी कर्मचारी नोटिशीवर असेल तर काय, या तीन प्रश्नांची उत्तरे पत्रात नसतील तर ती विचारलीच पाहिजेत. बेसिक 50 टक्के आहे की 40, हे विचारण्यापेक्षा हे प्रश्न अधिक उपयोगी पडतात.

तारखेचा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो, पण गोंधळ तिथेच जास्त होतात. या महिलेच्या जुन्या नोकरीत नोटीस 60 दिवसांची होती. तिने 2 जूनला राजीनामा दिला आणि तो दिवस मोजला, तर साठावा दिवस 31 जुलै येतो. मोजणी दुसऱ्या दिवसापासून केली, तर शेवटचा दिवस 1 ऑगस्ट. काही ठिकाणी नोटिशीच्या काळात घेतलेली रजा पुढे वाढवून मोजतात. त्यामुळे 1 ऑगस्टला रुजू होतो असे ठोकून देणे धोक्याचे. त्या वर्षी 1 तारीख शनिवारी येत होती, म्हणून 3 ऑगस्ट, सोमवार ही तारीख मागणे सोयीचे होते. नव्या कंपनीला घाई असेल तर ती उरलेल्या नोटिशीचे पैसे जुन्या कंपनीला भरून देण्याची, म्हणजे बायआउटची तयारी दाखवते. ती रक्कम किती, आधी कोणी भरायची आणि वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास परत द्यावी लागेल का, हे तेव्हाच लिहून घ्यावे.

पहिला मेल तिने ऑफर लेटर ज्या मेलवर आले त्याच मेलला उत्तर म्हणून, विषय न बदलता, रिप्लाय ऑल करून पाठवला. कंपन्यांशी असा पत्रव्यवहार बहुधा इंग्रजीत होतो. त्याचा मराठी आशय असा होता:

"नमस्कार मॅडम, ऑफर लेटर मिळाले, आभारी आहे. या पदावर काम करण्याची माझी इच्छा आहे. सही करण्यापूर्वी तीन बाबी स्पष्ट व्हाव्यात अशी विनंती. 1) गुरुवारी फोनवर झालेल्या बोलण्यात 50,000 रुपयांच्या जॉइनिंग बोनसचा उल्लेख होता, तो पत्रात दिसत नाही. 2) माझी नोटीस 60 दिवसांची असल्याने 3 ऑगस्ट ही तारीख शक्य आहे, 20 जुलै शक्य नाही. 3) वार्षिक 90,000 रुपयांचे व्हेरिएबल पहिल्या वर्षी रुजू झाल्याच्या तारखेपासून प्रमाणात मिळेल का? पत्राची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. दुरुस्त पत्रास वेळ लागणार असल्यास मुदत सोमवारपर्यंत वाढवावी."

शेवटची ओळ विसरण्यासारखी नाही. मुदत टळली की प्रस्ताव आपोआप संपतो. शिवाय करार कायद्याच्या कलम 5 नुसार स्वीकृती पोहोचती होण्याआधी प्रस्ताव मागे घेता येतो, त्यामुळे 'शुक्रवारपर्यंत खुले' असे लिहिले असले तरी बुधवारीच पत्र मागे घेतले जाऊ शकते. विचारणा करायची तर ती पत्र आल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी; मुदतीच्या संध्याकाळी नव्हे.

दोन दिवसांनी दुरुस्त पत्र आले. बोनस आला होता, पण एक वाक्य जोडून: बारा महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास पूर्ण रक्कम परत करावी लागेल. अशी अट सर्रास असते आणि ती मान्य करण्यात गैर काही नाही. बाँडचे मात्र नीट वाचावे. करार कायद्याचे कलम 27 व्यवसाय करण्यावर बंधन घालणारे करार अवैध ठरवते, त्यामुळे सगळेच बाँड पोकळ असतात असा समज पसरलेला आहे. तो अर्धाच खरा. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास 2 लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली.

दुसरा मेल छोटा होता: "दिनांक 28 मे च्या सुधारित ऑफर लेटरमधील अटी मला मान्य आहेत. त्यानुसार पद वरिष्ठ लेखापाल, वार्षिक सीटीसी 9,00,000 रुपये (त्यात व्हेरिएबल 90,000), जॉइनिंग बोनस 50,000 रुपये पहिल्या पगारासोबत, कामाचे ठिकाण पुणे आणि रुजू होण्याची तारीख 3 ऑगस्ट असे मी समजते. सही केलेली प्रत सोबत जोडली आहे. मेल मिळाल्याचे कळवावे." पत्राची तारीख आणि 'सुधारित' हा शब्द घालणे आवश्यक होते, नाहीतर होकार पहिल्या पत्राला दिला की दुसऱ्या, हा वाद उरतो. धन्यवादाचे दोन परिच्छेद, कंपनीच्या कीर्तीचे कौतुक हे काही चुकीचे नाही, पण त्यात आकडे हरवतात.

हा पत्रव्यवहार वैयक्तिक ईमेलवरूनच व्हावा. सध्याच्या कंपनीच्या मेलवरून केलेला होकार त्या कंपनीला पाहता येतो, आणि नोकरी सोडली की तो मेलबॉक्सही बंद होतो. काही कंपन्या कागद पोर्टलवरच सही करून घेतात. तिथली लिंक काही दिवसांनी उघडत नाही, म्हणून सही केलेली पीडीएफ लगेच उतरवून ठेवावी. पत्र पाठवणाऱ्याचा पत्ता कंपनीच्या नावाचा आहे का, हेही बघावे. लॅपटॉपची अनामत किंवा प्रशिक्षणाचे शुल्क मागणारे ऑफर लेटर बनावट समजून तिथेच थांबावे.

राजीनामा कधी द्यायचा, याचे उत्तर वरच्या तारखांतच आहे. या महिलेने सुधारित पत्र, त्याला दिलेला होकार आणि 'मेल मिळाला' ही कंपनीची पोच, हे तिन्ही हाती आल्यावर 2 जूनला राजीनामा दिला. तरीही पार्श्वभूमी पडताळणी आणि जुन्या कंपनीचे रिलीव्हिंग लेटर या अटी पत्रात होत्याच. त्या पूर्ण न झाल्यास ऑफर मागे घेण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवलेला असतो. रुजू झाल्यावर मिळणारे नेमणूकपत्र हे वेगळे कागदपत्र असते आणि त्यातल्या अटी ऑफर लेटरशी जुळत नसतील, तर त्यावर सही करण्याआधी होकाराचा मेल पुढे करावा. पहिली पगाराची स्लिप आली की ती त्याच तक्त्याशी ताडून पाहावी. फरक आढळला तर तो पहिल्याच महिन्यात लेखी कळवावा. सहा महिने तोच पगार घेतल्यावर केलेली तक्रार कंपनी सहसा मनावर घेत नाही.