लेबल छापायला जाण्यापूर्वी

सोलापूरची शेंगदाणा चटणी जर्मनीच्या दुकानांत पाठवायची तयारी चालली आहे असं समजा. चव पसंत पडली आहे, आयातदार ठरला आहे, पाकिटाचं डिझाइन सुरू आहे. अशा वेळी भाषांतर करणाऱ्यांची पत्रं येतात आणि बहुतेकांत तोच मजकूर असतो: आम्ही इतक्या भाषा करतो, शब्दाला अमुक दर. उद्योजक ती बाजूला ठेवतो. इंग्रजी लेबल तयार आहे, त्याचं जर्मन कुणीही करून देईल, असा त्याचा समज असतो.

काम मिळवायचं असेल तर भाषांतरकाराने हा समज दूर करायला हवा, आणि तो त्याच्याच पाकिटावरून दूर होतो. दुकानातून एक पाकीट विकत घ्यावं, मागची बाजू वाचावी आणि पत्रात लिहावं: ‘आपल्या २०० ग्रॅमच्या पाकिटावरचा मजकूर पाहिला. त्यातल्या चार गोष्टी नुसत्या भाषांतराने जर्मनीत चालणार नाहीत.’ एवढं वाचल्यावर पत्र सहसा बाजूला पडत नाही.

या चार गोष्टी युरोपीय संघाच्या अन्न-माहिती नियमातून येतात. त्याचा क्रमांक ११६९/२०११. पहिली गोष्ट शेंगदाण्याच्या प्रमाणाची. पदार्थाच्या नावातच एखादा घटक असेल, तर त्याचं शेकडा प्रमाण छापावं लागतं. भारतीय पाकिटावर नुसतं ‘शेंगदाणे, मिरची, लसूण, जिरे, मीठ’ असेल, तर तो आकडा भाषांतरकाराने कारखान्याकडे मागायलाच हवा. दुसरी गोष्ट ॲलर्जीची. शेंगदाणा हा ॲलर्जीकारक घटक, म्हणून यादीत तो ठळक अक्षरांत किंवा अन्य रीतीने उठून दिसला पाहिजे.

तिसरी गोष्ट पोषणाच्या तक्त्याची, आणि इथेच सर्वाधिक चुका होतात. आपल्याकडे सोडियम मिलिग्रॅममध्ये देतात, तिकडे मीठ ग्रॅममध्ये. सोडियमला अडीचने गुणायचं. ७२० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १.८ ग्रॅम मीठ, आणि जर्मनीत तिथे दशांश टिंबाऐवजी स्वल्पविराम येतो. कर्बोदकांचा आकडा तर आणखी फसवा. आपल्या अहवालात त्यात तंतूही धरलेले असू शकतात. युरोपात ते वगळतात. अहवालात २४ ग्रॅम कर्बोदकं असतील आणि त्यांत ९ ग्रॅम तंतू मिळवलेले असतील, तर तिकडे १५ छापायचे. हे प्रयोगशाळेला विचारूनच ठरवावं, अंदाजाने नाही.

चौथी गोष्ट तारखेची. ‘पॅकिंगपासून सहा महिने’ असं लिहून भागत नाही. तारीखच द्यावी लागते. तीन ते अठरा महिने टिकणाऱ्या पदार्थाला महिना आणि वर्ष पुरतं, पण मग ‘त्या महिन्याअखेरपर्यंत’ असा शब्दप्रयोग हवा.

पत्र कधी पाठवावं, यालाही महत्त्व आहे. पाऊचच्या छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरतात. एकदा तो कोरला की एक ओळ बदलायलाही नवा सिलिंडर लागतो. नाहीतर वरून स्टिकर लावत बसावं लागतं. म्हणून नमुना पसंत झाल्यावर आणि सिलिंडरची ऑर्डर जाण्याआधी उद्योजकाला गाठावं. खाद्यप्रदर्शनांतून परतल्यानंतरचे आठवडे याला बरे, कारण ऑर्डरची बोलणी तेव्हा ताजी असतात.

दर शब्दावर लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एका लेबलावर शंभर-दीडशे शब्द असतात. त्या हिशोबात प्रश्न विचारणं, आकडे जुळवणं आणि तपासणं बसतच नाही. प्रत्येक लेबलाला ठरलेली रक्कम सांगावी आणि तिच्यात तीन टप्पे लिहून द्यावेत: भाषांतर, जर्मन मातृभाषा असलेल्या दुसऱ्या माणसाचं वाचन आणि डिझायनरकडून आलेल्या अंतिम पीडीएफची तपासणी. तिसरा टप्पा कधीच गाळू नये. फॉन्टमध्ये जर्मनची टिंबवाली अक्षरं नसली, तर ती नाहीशी होतात. मजकूर चिकटवताना ठळकपणा जातो. जागा कमी पडली की डिझायनर अक्षरं बारीक करतो. नियमानुसार इंग्रजी ‘x’ अक्षराची उंची किमान १.२ मिलिमीटर हवी. फक्त अगदी छोट्या पाकिटांना ०.९ चालते. छापील आकाराचा प्रूफ हातात घेऊन हे पट्टीने मोजता येतं.

कॅटलॉगचं काम वेगळं. तिथे भाषा मोकळी असते, पण पदार्थाचं नाव कॅटलॉग, लेबल आणि इनव्हॉइसवर एकच हवं. ‘पचनाला उत्तम’ यासारखी वाक्यं जशीच्या तशी जर्मनमध्ये नेऊ नयेत. ग्राहकापर्यंत जाणाऱ्या मजकुरात आरोग्याचे फक्त मंजूर दावेच चालतात, आणि हे उद्योजकाला आधी सांगणारा माणूस त्याच्या उपयोगाचा ठरतो.

एक गोष्ट मात्र पत्रात कधीही लिहू नये: ‘कायदेशीर हमी’. उत्पादक युरोपाबाहेरचा असेल, तर लेबलावरच्या माहितीची जबाबदारी तिथल्या आयातदारावर येते. म्हणून शेवटचा मसुदा त्याच्याकडे पाठवून त्याची लेखी संमती घ्यावी, आणि ती हाती आल्याशिवाय उद्योजकाला छपाईची परवानगी देऊ नका म्हणून सांगावं.